संगणक बंद असताना तुमचं इन्सुलिन

सकाळी आठला पाळी बदलते आणि नेमकं तेव्हाच वॉर्डमधलं सॉफ्टवेअर उघडत नाही. कोणत्या पेशंटला कोणतं औषध किती वाजता द्यायचं, ही कामांची यादी आता त्यातच असते. अशा वेळी सिस्टर तुम्हाला पुन्हा नाव विचारतात, हातातल्या छापील कागदावर खुणा करतात आणि घरची मंडळी धास्तावतात. तिथे काय चाललेलं असतं, ते सांगतो.

आमच्याकडे कामांच्या यादीची एक्सेल प्रत दर दोन तासांनी वॉर्डमधल्या एका वेगळ्या संगणकावर साठवली जाते. सॉफ्टवेअर बंद पडलं की तीच छापायची. मात्र आधी बघायचं ते प्रतीवरची वेळ. समजा, प्रत सहाची आहे आणि सॉफ्टवेअर साडेसातला बंद पडलं. मधल्या दीड तासातले बदल त्या कागदावर नाहीत.

एक उदाहरण घ्या. मधुमेहाच्या एका आजोबांना नाश्त्याआधी दहा युनिट इन्सुलिन, असं प्रतीत लिहिलेलं आहे. पण पावणेसातला त्यांची साखर ७८ आली आणि रात्रपाळीच्या डॉक्टरांनी डोस सहा युनिट केला. हे कागदाला ठाऊक नाही, रात्रीच्या सिस्टरला ठाऊक आहे. म्हणून त्या प्रत्येक खाटेपाशी उभं राहून सहानंतरचे बदल सांगतात, डॉक्टर ते कागदावर लिहून सही करतात आणि मगच रात्रपाळी घरी जाते. माझ्या मते सगळ्या प्रकारात हीच दहा मिनिटं सर्वांत मोलाची.

दिलेल्या औषधांची नोंद एक्सेलमध्ये एकाच फाइलमध्ये, एकाच व्यक्तीने करायची. कुणी सोयीसाठी फक्त वेळेचा रकाना क्रमाने लावला, तर शेजारच्या खाटेची वेळ आजोबांच्या नावासमोर येते. म्हणून आम्ही क्रम लावणंच बंद ठेवलं आहे.

खरा धोका सॉफ्टवेअर सुरू झाल्यावर असतो, हे अनेकांना पटत नाही! आजोबांना सव्वाआठला इन्सुलिन मिळालं. पावणेअकराला पडदा उजळतो, तेव्हा त्यावर ‘आठचा डोस बाकी’ असं लाल अक्षरांत दिसतं, आणि तोही डोस दहा युनिटचाच. ज्याला काही माहीत नाही तो पुन्हा टोचेल आणि साखर धोकादायक खाली जाईल. म्हणून जुळवणी पूर्ण होईपर्यंत पडद्यावरून कुणीही औषध देत नाही. एक सिस्टर कागद वाचते, दुसरी भरते. आधी डॉक्टरांचा बदललेला डोस, मग दिल्याची नोंद. वेळ सव्वाआठचीच, भरल्याची नव्हे. कागदावर आहे पण खूण नाही, अशा ओळीसाठी पेशंटला आणि देणाऱ्या सिस्टरला विचारायचं. अंदाजाने भरायचं नाही.

तेव्हा दुपारी कुणी “सकाळचं इंजेक्शन मिळालं का, कधी?” असं विचारलं, तर चिडू नका. नाश्त्याआधी की नंतर, एवढं आठवलं तरी आमची ती ओळ पुरी होते.