कोथिंबिरीचं यमक

सावता माळ्याच्या भाजीच्या अभंगात सहावीतल्या मुलाला अडतील असे शब्द फारच थोडे आहेत. कांदा, मुळा, लसूण, मिरची, कोथिंबीर; पुढे विहीर आणि दोरी. माझ्या भाच्याची अडचण नेमकी तीच होती. तो म्हणाला, "आत्या, ही तर बाजाराची यादी आहे. यात अर्थ काय लिहायचा?"

मी त्याला म्हटलं, अर्थ राहू दे बाजूला, आधी यमकं शोध. त्याने पेन्सिलीने खुणा केल्या. भाजीचं यमक 'माझी'शी, कोथिंबिरीचं हरीशी, दोरीचं पंढरीशी आणि मळ्याचं गळ्याशी. खुणा करता करताच तो थांबला. प्रत्येक जोडीत एक शब्द शेतातला होता आणि दुसरा देवाकडे नेणारा. सावतोबांनी हे कुठेही समजावून सांगितलेलं नाही. गाताना कोथिंबीर संपते तिथे कान पुढच्या आवाजाची वाट पाहतो आणि तिथे हरी येतो.

मग 'अवघी विठाबाई माझी' या ओळीवर त्याने विचारलं, "विठोबाची विठाबाई कशी काय झाली?" वारकरी विठ्ठलाला माउली म्हणतात, हे त्याने ऐकलेलं होतं. इथे देव भाजीच्या रूपाने पोटाला घालणारा आहे, म्हणून तो आधी आई होऊन येतो. आणि ही आई 'माझी' आहे. वर्गात या अभंगाचा अर्थ 'काम हाच देव' एवढाच सांगतात. ते खोटं नाही, पण त्यात हा 'माझी' गळून पडतो. कामाची महती सांगायची असती तर सावतोबांना ती एका वाक्यात सांगता आली असती. ते सांगतात ते नातं.

यादीतल्या भाज्याही सहज हाताला लागल्या म्हणून आलेल्या नाहीत. आमच्या घरी एकादशीला कांदा-लसूण चालत नाही आणि चातुर्मासात कितीतरी घरांतून तो हद्दपार होतो, हे भाच्याला माहीत होतं. देवाच्या ताटात जो बसत नाही, तोच इथे देव झाला आहे. 'अवघा झाला माझा हरी' यातल्या 'अवघा' या शब्दात त्यालाही जागा आहे. सावतोबांनी तुळस आणि फुलं घेतली असती तर अभंग गोड झाला असता, पण 'अवघा' म्हणायला काही धाडस लागलं नसतं.

तिसऱ्या कडव्यातली मोट मात्र त्याने पाहिली नव्हती, ती चित्र काढून दाखवावी लागली. मोट म्हणजे विहिरीतून पाणी उपसायची कातड्याची मोठी पिशवी. जाड नाडा तिचं तोंड वर ओढतो, बारीक दोरी तिची सोंड धरते. बैल धावेवरून उतरतात तशी मोट वर येते, सोंड थारोळ्यात मोकळी होते आणि पाणी पाटाला लागतं. या कातड्याबद्दल, या दोराबद्दल सावतोबा म्हणतात की पंढरी इथे व्यापून राहिली आहे. आधीच्या कडव्यांत देव मळ्यात आला होता, आता त्याचं गावच आलं. सावतोबा माढा तालुक्यातल्या अरणचे. मळा सोडून ते पंढरीला गेले नाहीत असं परंपरा सांगते, आणि आजही पांडुरंगाची पालखी पंढरपुराहून अरणला येते. हे कडवं वाचलं की त्या उलट्या वाटेचं नवल वाटत नाही.

मिरचीबद्दल मात्र त्याला खरं ते सांगून टाकलं. सावतोबांची समाधी १२९५ची, आणि मिरची पोर्तुगीजांच्या मागोमाग अमेरिकेतून इकडे आली ती सोळाव्या शतकात. म्हणजे हा शब्द बहुधा पुढच्या गाणाऱ्यांनी आपल्या मळ्यातून आत आणला असावा. "मग अभंग खोटा?" त्याने विचारलं. मला तसं वाटत नाही. यादीत नवं पीक घालता येतं, कारण 'अवघा' म्हणून सावतोबांनीच फाटक उघडं ठेवलं आहे.

उरला गळा. सावतोबा म्हणतात, मळा केला आणि विठ्ठलाच्या पायी गळा गोवला. 'गोवणे' म्हणजे अडकवणे, गुंतवणे. भाच्याला आधी फुलांचा हार दिसला आणि तेही योग्यच आहे, माळ्याचा अभंग आहे. पण मोटेचं चित्र समोरच पडलेलं होतं. त्यातल्या बैलांच्या मानेवरच्या जुवाकडे बोट दाखवत तो म्हणाला, "हे पण गळ्यातच आहे ना?" मला स्वतःला जू जास्त पटतं. हार संध्याकाळी उतरतो. मळा करणाऱ्याला उद्या पुन्हा मोट धरायची असते. भाच्याने वहीत दोन्ही अर्थ लिहिले, आणि कोणता बरोबर हे मला विचारलं नाही.