दोन रुपये उरतात, सर! – नाणी-नोटांच्या उदाहरणांनी मला शिकवलेला धडा



शिष्यवृत्तीची तयारी घेताना नाणी आणि नोटांची उदाहरणं आपण सगळेच घेतो. "दोनची आणि पाचची मिळून इतकी नाणी, एकूण इतके रुपये, तर पाचची नाणी किती?" मीही दरवर्षी घेतो. पण याच प्रकारच्या एका उदाहरणात माझ्याकडून मोठी चूक झाली आणि तिची किंमत एका मुलीला मोजावी लागली, म्हणून हे लिहितोय.

आमची शाळा कासू परिसरातली. वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी रोज सुट्टे पैसे मोजले जातात. त्या मुलीची आई सकाळच्या रोहा-दिवा गाडीने पेणला भाजी विकायला जाते आणि संध्याकाळी आली की कमरेची पिशवी लेकीपुढे रिकामी करते. नाणी वेगळी, नोटा वेगळ्या, मग बेरीज. पैशांचा हिशोब त्या मुलीला माझ्याआधी आईने शिकवला होता.

त्या दिवशी मी फळ्यावर उदाहरण लिहिलं. पुस्तकातलं नव्हतं, तिथल्या तिथे सुचलेलं: "दोन रुपयांची आणि पाच रुपयांची मिळून ४० नाणी आहेत. एकूण रक्कम १३० रुपये आहे. तर प्रत्येक प्रकारची नाणी किती?"

रीत आदल्या दिवशीच शिकवली होती. सगळी नाणी दोनचीच आहेत असं समजायचं. ४० नाण्यांचे ८० रुपये होतात. पण रक्कम १३० आहे, म्हणजे ५० रुपये कमी पडले. आता एक दोनचं नाणं काढून त्या जागी पाचचं ठेवलं की नाण्यांची संख्या तेवढीच राहते, रक्कम मात्र ३ रुपयांनी वाढते. ५० रुपये वाढवायला अशा किती अदलाबदली कराव्या लागतील? ५० भागिले ३.

ती वही घेऊन आली. म्हणाली, "सर, सोळा आले, पण दोन रुपये उरतात."

मी वहीकडे नीट न बघताच म्हणालो, "भागाकार चुकला असेल. परत कर." ती परत आली, परत तेच. दुसऱ्यांदा माझा आवाज चढला. "घरी रोज पैसे मोजतेस ना? मग इथे काय होतं?" वर्ग हसला. ती जागेवर जाऊन बसली. नंतरच्या तासाला उत्तर येत असूनही तिने हात वर केला नाही.

संध्याकाळी वह्या तपासताना लक्षात आलं की तीस मुलांत एकाचंही उत्तर जुळत नाही. तेव्हा मी कागद घेऊन स्वतः सोडवलं. दोनच्या नाण्यांची संख्या x, पाचच्या नाण्यांची संख्या y.

x + y = 40
2x + 5y = 130

पहिल्या समीकरणाला २ ने गुणलं, 2x + 2y = 80. दुसऱ्यातून वजा केलं, 3y = 50. आणि ५० ला ३ ने नि:शेष भाग जात नाही. नाणं तर अर्धंमुर्धं असू शकत नाही. उदाहरणच चुकीचं होतं. मुलगी बरोबर होती. "दोन रुपये उरतात" हेच त्या उदाहरणाचं खरं उत्तर होतं.

दुसऱ्या दिवशी परिपाठ झाल्यावर मी वर्गासमोर सांगितलं, "काल उदाहरण माझं चुकलं होतं, हिचं गणित बरोबर होतं." मग फळ्यावर १३० पुसून १३१ लिहिलं. आता कमी पडणारे रुपये ५१, भागिले ३, म्हणजे पाचची १७ नाणी. उरलेली २३ दोनची. पडताळा: १७ पंचे ८५, २३ दुणे ४६, बेरीज १३१. नाणी १७ आणि २३ मिळून ४०. दोन्ही गोष्टी जुळल्या. माझी चूक एका रुपयाची होती.

मग आम्ही उलटं करून बघितलं. ४० नाणी दोन आणि पाचची असतील तर कोणकोणत्या रकमा होऊ शकतात? सगळी दोनची असतील तर ८०. एक बदललं की ८३, मग ८६, ८९... असं तीन-तीनने चढत सगळी पाचची झाली की २००. या पायऱ्यांवर १२८ आहे, १३१ आहे, पण १३० नाहीच. मुलांनी पायऱ्या वहीत लिहून काढल्या. "सर, म्हणजे काल पाय ठेवायला जागाच नव्हती," एक जण म्हणाला. मला हे जास्त आवडलं.

आता वरच्या दोन रीती शेजारी ठेवून बघा. मुलांनी ४० ला २ ने गुणून ८० काढले, मी समीकरणाला २ ने गुणून ८० काढले. त्यांनी रकमेतून ८० वजा केले, मीही केले. त्यांनी ३ ने भागलं, मीही. नववी-दहावीत आपण जिला चलाचा लोप करणं म्हणतो, ती कृती आणि पाचवीतलं "सगळी दोनचीच समजा" हे एकच आहे. फरक इतकाच की पाचवीचं मूल प्रत्येक आकड्याचा अर्थ सांगू शकतं. ८० म्हणजे काय, ३ कुठून आला, हे त्याला नाण्यांत दिसतं. म्हणून प्राथमिकला x, y ची घाई करू नये असं मला वाटतं.

मुलं नेमकी कुठे चुकतात, तेही त्या वह्यांमुळे कळलं. सर्वात जास्त चूक म्हणजे ३ ऐवजी ५ ने भागणं. "पाचची नाणी काढायचीत ना, मग पाचने भागलं," असं मुलं सांगतात. त्यांचं म्हणणं त्यांच्या जागी पटण्यासारखं आहे. पण त्या जागेवर दोन रुपये आपण आधीच मोजलेले असतात, हे ती विसरतात. यावर बोलून उपयोग होत नाही, करून दाखवावं लागतं. मी टेबलावर दोनची १० नाणी मांडतो. २० रुपये. मग एक नाणं उचलतो, पाचचं ठेवतो आणि विचारतो, "किती झाले?" मुलं परत मोजतात, २३. "पाचने का नाही वाढले?" इथे मूल क्षणभर थांबतं आणि मग स्वतःच म्हणतं, "दोन काढून घेतले ना तुम्ही."

दुसरी चूक मोठ्या वर्गातल्या मुलांची. ती लिहितात, "x = पाचची नाणी". मग कधी x म्हणजे नाण्यांची संख्या असते, तर कधी त्या नाण्यांचे रुपये, आणि पहिलं समीकरण x + y = 131 असं होऊन बसतं. यावर मला बँकेत पैसे भरायच्या स्लिपचा उपयोग झाला. स्लिपवर नोट कितीची, नोटा किती आणि रक्कम किती, हे वेगवेगळं लिहायचं असतं. तोच तक्ता मी वहीत आखायला लावतो. संख्येच्या रकान्याची बेरीज केली की पहिलं समीकरण, रकमेच्या रकान्याची बेरीज केली की दुसरं. आणि x पुढे "संख्या" हा शब्द लिहायलाच हवा, असा नियम केला.

एकदा मुलांनीच विचारलं, "सर, आईच्या पिशवीत दोनच प्रकारच्या नोटा थोड्याच असतात?" खरंच आहे. मग घेतलं: दहा, वीस आणि पन्नासच्या मिळून १० नोटा, एकूण २०० रुपये. एका गटाने उत्तर काढलं, दहाच्या ३, वीसच्या ६, पन्नासची १. दुसऱ्या गटाने काढलं, दहाच्या ६, वीसच्या २, पन्नासच्या २. दोघांचाही पडताळा जुळला आणि वर्गात भांडण लागलं. माहिती दोनच आणि प्रकार तीन, म्हणून एकच उत्तर ठरत नाही. मग मी तिसरी माहिती दिली, "वीसच्या आणि पन्नासच्या नोटा सारख्याच आहेत." भांडण मिटलं, दुसरा गट जिंकला. परीक्षेत तीन प्रकारांचं उदाहरण आलं तर अशी तिसरी ओळ प्रश्नात कुठे आहे ती आधी शोधा, असं आता सांगतो.

तेव्हापासून मी स्वतःला एक शिस्त लावली. उदाहरण तयार करताना आधी नाण्यांची संख्या मनात ठरवायची, २३ आणि १७, आणि मग रक्कम काढायची. रक्कम आधी लिहिली की फसलोच. तयार उदाहरण हाती आलं तर रकमेतून लहान नाण्यांची समजलेली रक्कम वजा करायची आणि दोन नाण्यांच्या फरकाने भाग जातो का ते बघायचं.

मला वाटलं, एवढं पुरेसं आहे. पण त्या मुलीला तसं वाटत नव्हतं. बरेच दिवस ती गप्पच होती. एका दुपारी मधल्या सुट्टीत वही घेऊन आली आणि म्हणाली, "सर, हे तुम्ही सोडवा." वहीत लिहिलं होतं: दहाच्या आणि वीसच्या मिळून २० नोटा, एकूण ४३० रुपये.

मी लगेच सुरू केलं. सगळ्या दहाच्या, २०० रुपये. कमी पडले २३०. फरक १०. भाग छान गेला, २३. "वीसच्या तेवीस," मी म्हणालो.

ती म्हणाली, "पण सर, नोटा तर वीसच आहेत."

सगळ्या वीसच्या असत्या तरी ४०० च झाले असते. भाग जाणं पुरेसं नाही, रक्कम सर्वात कमी आणि सर्वात जास्तीच्या मध्ये बसलीही पाहिजे. समीकरणाने सोडवलं असतं तर दहाच्या नोटा उणे तीन आल्या असत्या. हा दुसरा तपास मी त्या दिवशी तिच्याकडून शिकलो आणि तो आता शिस्तीत घातलाय.

वहीवर सही करताना मी विचारलं, "हे मुद्दाम चुकीचं घातलंस ना?" ती काही बोलली नाही. वही घेतली आणि हसत पळाली. त्यानंतरच्या तासाला मात्र तिचा हात वर होता.