टेबलापलीकडून अर्ज वाचताना

भिवंडीहून वाड्याकडे निघालं की अंबाडी नाका लागतो. इथून एक रस्ता वज्रेश्वरीवरून शिरसाडला, म्हणजे मुंबई-अहमदाबाद महामार्गावर उतरतो. नाक्यावरच्या टपरीत ‘आपल्या रस्त्याची वाट लागलीय’ एवढं म्हटलं तरी ऐकणाऱ्याला नेमका तुकडा कळतो. पण तेच वाक्य कागदावर उतरून सरकारी कार्यालयात पोचलं की अडचण सुरू होते. ठाण्याच्या कार्यालयात बसलेल्या माणसाला ‘अंबाडी रस्ता’ म्हटल्यावर वसईतला अंबाडी रोडही आठवू शकतो. शिवाय नाक्याशी जोडलेले रस्ते अनेक: काही सार्वजनिक बांधकाम विभागाचे, काही जिल्हा परिषदेचे, गावातले ग्रामपंचायतीचे. भिवंडी-वाडा-मनोर रस्त्याची आणखी एक गोष्ट आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा झाला, वाडा तालुका तिकडे गेला, भिवंडी ठाण्यातच राहिला. एकाच रस्त्याचे दोन तुकडे दोन जिल्ह्यांत आले.

माहिती अधिकाराचे अर्ज लिहून देणं आणि लिहिलेले तपासणं हे प्रस्तुत लेखकाचं नेहमीचं काम. या अर्जाचं दुर्दैव असं की तो रागातून लिहिला जातो आणि थंड डोक्याने वाचला जातो. लिहिणाऱ्याच्या डोळ्यासमोर खड्डा असतो, वाचणाऱ्यासमोर फायलींचं कपाट. म्हणून अर्ज पुरा झाला की तो एकदा त्या कपाटापाशी उभं राहून वाचावा लागतो.

या भागातला एखादा पहिला मसुदा बहुधा असा असतो: ‘अंबाडी रस्त्यावर वारंवार खड्डे का पडतात? गेल्या काही वर्षांत किती खर्च झाला? ठेकेदारावर कारवाई का केली नाही? संपूर्ण माहिती द्यावी.’ मराठीत काही चूक नाही, तक्रारही खरी आहे.

आता हाच कागद जन माहिती अधिकाऱ्याच्या हातात द्या. त्याचा पहिला प्रश्न: हा रस्ता माझ्याकडे आहे का? नसेल तर कायद्याच्या कलम ६(३) प्रमाणे त्याने पाच दिवसांत अर्ज योग्य कार्यालयाकडे पाठवायचा असतो. पण रस्ताच ओळखू येत नसेल तर पाठवणार कुठे? दुसरा प्रश्न: ‘गेल्या काही वर्षांत’ म्हणजे कधीपासून? तिसरा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा: नेमका कोणता कागद काढून झेरॉक्स करू? ‘खड्डे का पडतात’ या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच फायलीत लावलेलं नसतं. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये आदित्य बंडोपाध्याय प्रकरणात स्पष्ट केलं की माहिती अधिकाऱ्याने नोंदीत असलेली माहिती द्यायची आहे. मत द्यायचं किंवा नसलेली माहिती जमवून तयार करायची, हे त्याच्यावर बंधनकारक नाही. त्यामुळे ‘का’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला ‘आपण मागितलेली बाब माहितीच्या व्याख्येत बसत नाही’ असं एका ओळीचं उत्तर येतं, आणि ते नियमाला धरून असतं.

अर्जदार इथे हमखास गोंधळतो. संदर्भ कमी पडला हे कळलं की तो आपली कहाणी लिहू लागतो: कोण पडलं, कोणाची गाडी मोडली, किती वेळा सांगितलं. कलम ६(२) प्रमाणे माहिती कशासाठी हवी याचं कारण द्यावंच लागत नाही. शिवाय २०१२ पासून महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि सर्वसाधारणपणे दीडशे शब्दांच्या आत असावा अशी अट आहे. ही जागा कहाणीवर घालवणं मला परवडणारं वाटत नाही. वाचणाऱ्याला हवा असलेला संदर्भ वेगळाच असतो. कागद कुठे सापडेल, एवढंच त्याला सांगायचं असतं. महाराष्ट्रातल्या अर्जाच्या नमुन्यात विषय, कालावधी आणि तपशील असे वेगळे रकाने आहेत ते याचसाठी. लोक मात्र तिन्हींत मिळून एकच तक्रार लिहितात.

वरचा मसुदा या नजरेने पुन्हा लिहिला तर असा होतो. विषय: ‘भिवंडी-वाडा-मनोर रस्ता, अंबाडी नाक्यापासून भिवंडीच्या दिशेने ५ किलोमीटर, ता. भिवंडी, जि. ठाणे, या लांबीतील दुरुस्तीची कामे.’ कालावधी: ‘१ एप्रिल २०२२ ते ३१ मार्च २०२४.’ तपशील: ‘(१) या लांबीत झालेल्या कामांची नोंदवहीतील यादी. (२) प्रत्येक कामाचा कार्यादेश व अंतिम देयक यांच्या प्रती. (३) दोषदायित्व कालावधीत ठेकेदारास दुरुस्तीसाठी पाठवलेल्या पत्रांच्या प्रती.’

‘कारवाई का केली नाही’ याचं आता तिसऱ्या मुद्द्यात काय झालं ते पाहा. काम पूर्ण झाल्यावर ठरावीक मुदतीपर्यंत दोष निघाला तर ठेकेदाराने स्वखर्चाने दुरुस्ती करायची असते. त्या मुदतीला दोषदायित्व कालावधी म्हणतात. मुदतीत खड्डे पडले आणि पत्रच गेलं नाही, तर जे विचारायचं होतं त्याचं उत्तर कागदावर मिळालं.

इथे बरेच जण थांबतात. मसुदा चांगला दिसतो, म्हणून दहा रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावून मोकळे होतात. पण दुसरं वाचन याच टप्प्यावर करायचं. आता प्रत्येक ओळीपुढे माहिती अधिकाऱ्याच्या वतीने सर्वांत छोटं आणि तरीही खरं उत्तर लिहून बघायचं. दुसऱ्या मुद्द्याला तो लिहील: ‘काम प्रगतिपथावर असल्याने अंतिम देयक नाही.’ तिसऱ्याला लिहील: ‘निरंक’. निरंक म्हणजे पत्र पाठवलंच नाही की सापडलं नाही? अर्जदार पुन्हा होता तिथेच. म्हणून दुसऱ्या मुद्द्यात ‘अंतिम देयक झाले नसल्यास शेवटचे चालू देयक’ आणि तिसऱ्यात ‘असे पत्र पाठवले नसल्यास तसे स्पष्ट नमूद करावे’ एवढे शब्द वाढतात. तेवढ्याने पळवाट बुजते.

कागदांच्या ढिगाचाही विचार वाचणाऱ्याच्या बाजूने करावा. पाच वर्षांची सगळी अंदाजपत्रकं, मोजमाप पुस्तिका आणि देयकं एकदम मागितली, तर कलम ७(९) चा आधार घेऊन मागितलेल्या स्वरूपात माहिती नाकारता येते, कारण त्याने कार्यालयाची साधनसामग्री प्रमाणाबाहेर खर्ची पडते. अशा वेळी आधी नुसती यादी मागवावी किंवा अभिलेखाची पाहणी करू द्या असं लिहावं. पाहणीचा हक्क कायद्यातच आहे. मग हवी तेवढीच पानं निवडावीत. पैसे भरण्याचं पत्र अर्जदाराकडे रवाना झाल्यापासून शुल्क भरेपर्यंतचे दिवस तीस दिवसांच्या मुदतीत धरत नाहीत. म्हणून पूर्ण पत्ता, पिनकोड आणि माहिती टपालाने हवी की समक्ष, हे लिहिलेलं असणं कामाचं आहे.

शेवटचा वाचक मात्र लोकांच्या ध्यानात राहत नाही. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही तर तीस दिवसांत पहिलं अपील करायचं असतं, आणि अपिलीय अधिकारी मूळ अर्जच समोर ठेवतो. सुनावणीत ‘मला तो रस्ता म्हणायचा होता’ असं कितीही पोटतिडकीने सांगितलं, तरी अर्जात जे मागितलंच नव्हतं ते अपिलात मिळत नाही. त्यासाठी नवा अर्ज आणि नवे तीस दिवस लागतात. तेव्हा तिकीट चिकटवण्याआधी मसुदा अंबाडीला कधीही न आलेल्या एखाद्या नातेवाइकाला वाचायला द्या. ‘यात काय चूक आहे?’ असं विचारू नका. ‘तू त्या कार्यालयात असतास तर कोणता कागद काढून दिला असतास?’ असं विचारा, आणि तो अडखळेल ती ओळ बदला.