उजेडाची जाडी

टेबलावर पडलेलं लिथोफेन म्हणजे पांढऱ्या प्लास्टिकची खडबडीत पाटी. कुठे खोलगट, कुठे उंचवटा, नीट पाहिलं तर नाकाचा अंदाज येतो. मागे दिवा लावला की त्याच पाटीत अख्खं छायाचित्र दिसतं. त्यात शाई नसते, रंग नसतो. प्लास्टिक पातळ असेल तिथून उजेड जास्त झिरपतो आणि जाड असेल तिथे अडतो, इतकाच त्यामागचा कारभार.

थ्रीडी प्रिंटिंगच्या माझ्या कामात फोटो घेऊन येणारी माणसं आधी आकार विचारतात, मग किंमत. मी त्यांना आधी दिव्याबद्दल विचारतो. मागे कोणता दिवा असणार, किती अंतरावर, बल्ब की पट्टी? जाडी, किनार, वक्रता हे तिन्ही निर्णय त्या उत्तरावर ठरतात. जुने कारागीरही उजेड आधी धरत. १८२७ साली पॉल द बूर्गोआं यांनी पॅरिसला या तंत्राचं पेटंट घेतलं. त्या पद्धतीत काचेवर मेणाचा थर देऊन खालून उजेड सोडत आणि तो पाहत पाहतच मेण कोरत. त्यावरून प्लॅस्टरचा साचा आणि साच्यातून चिनीमातीची पाटी. कोरणाऱ्याला चित्र कोरतानाच दिसत असे. आपल्याला ते छापून झाल्यावर दिसतं, म्हणून आपल्याला आधी मोजावं लागतं.

एक काम उदाहरणादाखल घेतो. जुना कृष्णधवल फोटो, एक जोडपं. बाई गडद नऊवारीत, पुरुष पांढऱ्या टोपीत, मागे चुन्याची भिंत. हवं होतं मेजावर उभं राहणारं, दिवा लावून पाहायचं लिथोफेन. चित्राचा आकार ठरवला १२० मिलिमीटर रुंद आणि १५० मिलिमीटर उंच.

सगळ्यात आधी फिलामेंट मोजायचं. पांढरं पीएलए सगळ्या कंपन्यांचं सारखं नसतं, कुणाचं दुधाळ तर कुणाचं खडूसारखं. म्हणून नव्या रिळाचा एक छोटा जिना छापतो. ०.४ मिलिमीटर जाडीपासून ४ मिलिमीटरपर्यंत पायऱ्या. काळ्या पुठ्ठ्याला भोक पाडून एकेक पायरी दिव्यासमोर धरायची आणि पलीकडे लक्समीटर ठेवायचा. या रिळात दर ०.६ मिलिमीटरला उजेड साधारण निम्मा होत होता. हा एक आकडा हातात आला की बाकीचा हिशेब कागदावर होतो.

सर्वांत पातळ जागा मी ०.८ मिलिमीटर ठेवली. ०.४ च्या नोझलने दोन रेघा शेजारी शेजारी बसतात तेवढी ही जाडी. याहून पातळ केलं तर थरांमधल्या फटी उजळ रेषा होऊन दिसतात आणि मागच्या एलईडीचे ठिपकेही डोळ्यात येतात. सर्वांत जाड जागा ३.२. दोन्हींत फरक २.४ मिलिमीटरचा, म्हणजे उजेड चार वेळा निम्मा. पांढऱ्याच्या मानाने काळं सोळापट अंधारं. याहून जाड करून काळं आणखी काळं करता येतं, पण जाड प्लास्टिकमध्ये उजेड आडवाही पसरतो, त्यामुळे भुवईसारख्या बारीक गडद रेषा धुरकट होतात. शिवाय छापायला वेळ वाढतो. घरगुती दिव्यापुढे ३.२ पुरतं.

आता फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याला जाडी द्यायची. काळ्याला ०, पांढऱ्याला २५५ धरलं तर

जाडी = ३.२ − २.४ × (ठिपक्याचा आकडा ÷ २५५)

हे सरळ गणित पाहून शंका येते, कारण उजेड काही सरळ रेषेत कमी होत नाही, तो निम्मा निम्मा होत जातो. पण फोटोच्या फाइलमधले आकडेही सरळ उजेडाचे नसतात, ते डोळ्याच्या सोयीने वाकवलेले असतात. दोन वाकडेपण एकमेकांना बरंचसं खाऊन टाकतात. मधला करडा, म्हणजे १२८, पडद्यावर पांढऱ्याच्या साधारण २२ टक्के उजेड देतो. लिथोफेनमध्ये तो २ मिलिमीटरचा होतो आणि २५ टक्के उजेड देतो. टोपीचा आकडा २४५ आणि भिंतीचा २२५ होता. पडद्यावर टोपी भिंतीपेक्षा सुमारे २१ टक्क्यांनी उजळ, लिथोफेनमध्ये सुमारे २४ टक्क्यांनी. टोपी भिंतीत विरघळेल अशी भीती होती, ती या हिशेबाने गेली.

खरी अडचण नऊवारीत होती. लुगड्याच्या निऱ्यांचे आकडे २० ते ४० च्या दरम्यान. पडद्यावर ४० चा ठिपका २० च्या तिप्पट उजळ दिसतो, लिथोफेनमध्ये दोघांत जेमतेम पाव भाग फरक उरतो. त्यामुळे निऱ्या सपाट होऊन लुगड्याचा एक करडा ठोकळा होणार हे छापण्याआधीच कळतं. उपाय फोटोत करायचा, जाडीत नाही. फोटो संपादनात गडद टोकाचा वक्र चढा केला, १५ ते ६० मधला भाग ताणून ० ते ९० मध्ये बसवला. मधले करडे मग वर थोडे दाटीने बसवावे लागतात, पण भिंतीच्या छटा दबल्या तर कुणाचं काही अडत नाही. फोटो पडद्यावर जरा फिकट आणि विटका दिसायला लागला की समजायचं, लिथोफेनसाठी तो तयार झाला.

पाटी आडवी छापावी की उभी, हाही जाडीचाच प्रश्न आहे. आडवी छापली तर जाडी थरांनी बनते. ०.१ मिलिमीटरचा थर धरला तर २.४ मिलिमीटरमध्ये फक्त २४ पायऱ्या, आणि दर पायरीला उजेड ११ टक्क्यांनी बदलतो. गालासारख्या गुळगुळीत जागी हे लगेच उघडं पडतं, नकाशावर डोंगराभोवती उंचीच्या रेषा असतात तशा रेषा गालावर दिसतात. उभी छापली तर जाडी नोझलच्या आडव्या हालचालीतून येते. नेहमीच्या बेल्टच्या यंत्रात एका मिलिमीटरचे ८० भाग करता येतात. प्रत्यक्षात तितकी अचूकता मिळत नाही, पण छटा सलग दिसतात. भरण १०० टक्के ठेवावं लागतं. कुठे जाडी दोन रेघांना जास्त आणि तीन रेघांना कमी पडते, तिथे पोकळी राहिली तर उजेडाची बारीक चीर दिसते. रेघेची रुंदी गरजेप्रमाणे बदलणारे अलीकडचे स्लायसर ती बुजवतात. तरी स्लायसरमध्ये एकेक थर पाहून घेतलेला बरा.

उभ्या छपाईचा एक तोटा केसांपाशी कळतो. काळे केस जाड आणि त्यांच्या खालचं कपाळ पातळ, म्हणजे छापताना केसांची कड हवेत पुढे येते. दोन मिलिमीटरचा असा कंगोरा एका झटक्यात आला तर प्लास्टिकचा धागा लोंबतो आणि कपाळावर काळपट ओरखडे दिसतात. फोटो अगदी किंचित, छापल्यावर अर्धा मिलिमीटर भरेल इतका धूसर केला की कडेला उतार मिळतो. डोळ्यांना तो धूसरपणा जाणवत नाही, कारण ०.४ च्या नोझलला त्याहून बारीक काही काढता येत नाही. म्हणूनच १२० मिलिमीटरला ४८० ठिपक्यांचा फोटो पुरला. जास्त ठिपक्यांनी फक्त फाइल जड होते.

किनारीकडे लोक सजावट म्हणून पाहतात. तिचं पहिलं काम उजेड अडवण्याचं. कडेने थेट आलेला उजेड डोळ्यात गेला की चित्रातला सगळा काळा रंग राखाडी वाटायला लागतो. या कामात किनार ३ मिलिमीटर रुंद आणि ४ मिलिमीटर जाड ठेवली, चित्रातल्या कुठल्याही काळ्यापेक्षा जाड. तिच्यामुळे पाटी वाकत नाही, आणि छापताना बेडला ०.८ च्या पातळ भिंतीऐवजी ४ मिलिमीटरची बैठक मिळते. वरची किनार मात्र पुन्हा कंगोरा होते, कारण तिच्याखाली चुन्याची पातळ भिंत आहे. म्हणून किनारीच्या आतल्या कडेला ४५ अंशांचा उतार दिला. उतार चित्राचे तीनेक मिलिमीटर खातो, तेवढी जागा फोटो कापतानाच डोक्यावर सोडायची.

आता वक्रता. वाकवलेली पाटी आधाराशिवाय उभी राहते आणि छापताना डुलत नाही, पण मला ती हवी असते उजेडासाठी. चित्राची रुंदी १२० मिलिमीटर आणि कमान १२० अंशांची धरली, तर त्रिज्या ५७.३ मिलिमीटर येते, समोरून दिसणारी रुंदी ९९ मिलिमीटर आणि पोट २९ मिलिमीटरांच्या आसपास. दिवा बरोबर कमानीच्या केंद्रात ठेवला की डावी कड, उजवी कड आणि मध्य, तिन्ही दिव्यापासून सारख्याच अंतरावर. सपाट पाटीत असं होत नाही. तेवढ्याच अंतरावरच्या बल्बने तिच्या डाव्या-उजव्या कडेला मध्याच्या एक तृतीयांश उजेड पोचतो.

कमान फक्त आडव्या दिशेला मदत करते, उभ्या दिशेला नाही. मध्यावर छोटा बल्ब असेल तर ७५ मिलिमीटर वरच्या कडेचं अंतर ९४ मिलिमीटर होतं आणि उजेडही तिरका पडतो. दोन्ही मिळून तिथे मध्याच्या जेमतेम २२ टक्के उजेड उरतो, म्हणजे दोन वेळा निम्मा होऊन थोडा अधिक. माझ्याकडे एकूण चारच निम्मे आहेत, त्यातले दोन बल्बने खाल्ले. पुरुषाची पांढरी टोपी नेमकी वरच होती, ती करडी दिसली असती. यावर वरची जाडी कमी करून भरपाई करता येत नाही, टोपी आधीच पातळात पातळ आहे. म्हणून बल्ब काढून केंद्ररेषेवर चित्राहून उंच अशी एलईडी पट्टी उभी केली आणि तिच्यावर दुधी आवरण घातलं. दिवाळीत कुणी आत पणती ठेवायचं सुचवतं, तेव्हा ठाम नाही म्हणावं लागतं. पीएलए ६० अंश सेल्सियसच्या आसपास मऊ पडतं.

पूर्ण पाटीला ०.१२ च्या थराने १३०० थर लागतात, म्हणून आधी चेहऱ्याचा ३० × ४० मिलिमीटरचा तुकडा, तीच कमान आणि तीच उभी दिशा ठेवून छापतो आणि त्याच पट्टीपुढे, त्याच अंतरावर धरतो. तिथे तीन गोष्टी पाहायच्या. डोळ्याची बाहुली आणि पापणी वेगळी दिसते का, गालावर पायऱ्या आहेत का, आणि सर्वांत उजळ जागी एलईडीचा ठिपका दिसतो का. बाहुली बुडाली तर फोटोचा गडद वक्र पुन्हा उचलायचा, पायऱ्या दिसल्या तर मूळ फोटोच फार दाबून साठवलेला आहे का ते तपासायचं, ठिपका दिसला तर दिव्याचं आवरण वाढवायचं. जाडीच्या आकड्यांना हात सगळ्यात शेवटी लावायचा. ते रीळ मोजून ठरवलेले असतात, आणि रीळ बदललं नसेल तर दोष बहुतेक वेळा फोटोत किंवा दिव्यात सापडतो.