देवीचे नाव आणि आपली चटणी



चार वर्षांपूर्वीच्या नवरात्रातली गोष्ट. तुळजापूरच्या एस.टी. स्टँडजवळच्या एका दुकानदाराने शेंगदाणा चटणीची अकरा पाकिटे आमच्या तालुक्यातल्या एका बाईंकडे परत पाठवली. चटणी खवट झाली होती आणि गिऱ्हाईक भांडून गेले होते. बाईंनी पाकीट उलटसुलट करून पाहिले. वर 'श्री तुळजाभवानी शेंगदाणा चटणी' हेच नाव, मंदिराच्या शिखराचे तसेच चित्र, तोच हळदीकुंकवाचा पिवळा-लाल रंग. परंतु चटणी त्यांची नव्हती. कोणा दुसऱ्यानेच तसेच पाकीट छापून बाजारात सोडले होते.

बाई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, "साहेब, ह्याला अडवायचं कसं? नाव माझं हाय."

मी खाली मान घातली, कारण ते नाव मीच सुचवले होते. देवीच्या गावात देवीचे नाव, याहून चांगले काय, असे मला वाटले होते. पुढे दीड-दोन वर्षे या नावापायी आम्ही ज्या खटपटी केल्या, त्यातून जे शिकलो ते आज तुम्हांला सांगतो. घरच्या मालाला नाव देण्याचा तुमचा विचार असेल, तर पाकीट छापायला टाकण्याआधी एवढे वाचा.

आपल्या मालाच्या नावाला आणि चित्राला कायद्यात 'व्यापारचिन्ह' म्हणतात, बोलण्यात आपण ट्रेडमार्क म्हणतो. त्यासाठी १९९९ चा व्यापारचिन्ह कायदा आहे. महाराष्ट्रातल्या अर्जांचे काम मुंबईच्या कार्यालयात चालते आणि अर्ज घरबसल्या संगणकावरून भरता येतो. आम्हीही भरला. काही महिन्यांनी तपासणीचा अहवाल आला. त्यात दोन आक्षेप होते. पहिला असा, की हे नाव एका माणसाचा माल दुसऱ्याच्या मालापासून वेगळा ओळखू देत नाही. दुसरा असा, की खाद्यपदार्थांच्या याच वर्गात असल्या नावाचे अर्ज व नोंदी आधीच आहेत.

थोडा विचार केला तर पहिला आक्षेप खरा आहे. 'शेंगदाणा चटणी' हे मालाचेच नाव, ते कोणा एकाचे कसे होईल? 'अस्सल', 'चवदार', 'गावरान' हे मालाचे गुण, ते सांगण्याचा हक्क सगळ्यांनाच हवा. 'तुळजापूर' हे गावाचे नाव, इथला प्रत्येक दुकानदार ते लावणार. राहिले देवीचे नाव. २०१५ साली सर्वोच्च न्यायालयापुढे 'रामायण' या उदबत्तीच्या नावाचा खटला आला होता. धर्मग्रंथाच्या नावावर कोणा एका व्यापाऱ्याला मक्तेदारी सांगता येणार नाही, असा निकाल न्यायालयाने दिला. देवादिकांच्या नावाची गतही बहुतेक तशीच होते. एखादे वेळी चित्रासकट नोंद मिळते, पण त्या शब्दावर एकट्याचा हक्क मिळत नाही, आणि शेजाऱ्याने तेच नाव वेगळ्या चित्राखाली लावले तर हात चोळत बसावे लागते.

हे मी बाईंना समजावले, तेव्हा त्या जरा वेळ गप्प राहिल्या आणि म्हणाल्या, "खरंच हाय की. देवी काय माझ्या एकटीची हाय व्हय?" कायद्याची चार पाने मी वाचली होती, पण सार त्यांनी एका वाक्यात सांगितले.

आपल्याकडे आणखी एक नाव लोक हौसेने लावतात, ते शिवाजी महाराजांचे. ते मुळीच लावू नका. १९५० च्या बोधचिन्हे व नावे यांसंबंधीच्या कायद्याच्या यादीत छत्रपतींचे नाव आणि चित्र आहे. व्यापारासाठी ते वापरायलाच बंदी आहे, मग नोंद कुठली?

आणि गावाच्या नावाला मोल नाही असेही नाही, पण ते मोल सगळ्यांचे मिळून असते. आपल्या तुळजापूरच्या कवडीला आणि भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीच्या खव्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. हे ट्रेडमार्कपेक्षा वेगळे. ते त्या भागातल्या सगळ्या कारागिरांचे असते आणि नियमाप्रमाणे माल करणारा तिथला कोणीही आपले नाव त्यात नोंदवू शकतो. एकट्याची ओळख मात्र त्यातून होत नाही. त्यासाठी स्वतःचे नाव लागते.

मग नाव ठेवावे कसे? जे नाव ऐकून मालाची आठवण होईल, पण जे त्या मालाचे नाव नाही आणि त्याचे वर्णनही नाही, ते चांगले. बाई चटणीबरोबर ज्वारीच्या कडक भाकरीही करीत. त्यांच्या सासूबाई पूर्वी शेतावर जाताना भाकरी-चटणी फडक्यात बांधून नेत, तिला त्या 'पुरचुंडी' म्हणत. आम्ही तेच नाव धरले. चित्रही सोपे काढले, गाठ मारलेले फडके आणि गाठीची दोन टोके. चटणीच्या पाकिटावर 'पुरचुंडी' लिहिण्याची गरज दुसऱ्या कोणालाही नाही. कोणी लिहिलेच, तर त्याने आपले पाहून लिहिले हे उघड दिसते.

नाव ठरल्यावर लगेच छापू नका. आधी ते कोणाचे नाही ना, ते पाहा. tmrsearch.ipindia.gov.in या ठिकाणी शोध फुकट घेता येतो. तिथे नुसते लिहिलेल्या अक्षरांवर जाऊ नका, उच्चारावरूनही शोध घ्या, तशी सोय तिथे आहे. कायदा कानानेही ऐकतो. घाईत असलेला गिऱ्हाईक दोन नावांत फसेल का, एवढेच तिथे पाहतात. 'पुरचुंडी' आणि 'पुरचंडी' ही कायद्याच्या कानाला एकच.

शोध घेताना वर्ग माहीत हवा, कारण नोंद सगळ्या जगातल्या मालासाठी मिळत नाही, ठराविक वर्गासाठी मिळते. चटणी, मसाले, पीठ, भाकरी, पापड, गूळ हे ३० व्या वर्गात. लोणचे, दूध, खवा, तूप हे २९ व्या वर्गात. ताजी फळे, भाजी आणि कच्चे धान्य ३१ व्या वर्गात. दर वर्गाची फी वेगळी भरावी लागते. एकट्या माणसाला किंवा लहान उद्योगाला ती ऑनलाइन ४५०० रुपये आहे, मोठ्यांना ९०००. बाईंची चटणी आणि भाकरी एकाच वर्गात बसल्या. लोणच्याचा अर्ज, लोणचे सुरू झाले की करू, असे ठरवून पुढे ढकलला.

नाव आणि चित्र एकत्र नोंदवावे की वेगळे? पैसे एकाच अर्जापुरते असतील तर आधी नुसता शब्द नोंदवा. शब्दाची नोंद असली की तो कोणत्याही वळणात, कोणत्याही रंगात लिहिला तरी आपलाच राहतो. चित्रासकट नोंदवले, तर मुख्यतः त्या चित्रासारखे दिसणाऱ्यालाच अडवता येते. उद्या पाकिटाचे रूप बदलले तर जुनी नोंद अपुरी पडते. चित्राचा अर्ज आम्ही एका हंगामानंतर केला.

आता आमची दुसरी चूक सांगतो. पहिला अर्ज भरून देणाऱ्याने त्यात स्वतःचाच ईमेल घातला होता. आक्षेपाचा अहवाल त्याच्याकडे पडून राहिला. उत्तर एका महिन्यात द्यावे लागते, ती मुदत गेली आणि अर्ज सोडून दिला असे धरले गेले. भरलेली फी परत मिळाली नाही. म्हणून ईमेल आणि फोन घरातल्याच माणसाचा द्या, अर्जाचा क्रमांक वहीत लिहून ठेवा आणि दर पंधरा दिवसांनी संगणकावर स्थिती पाहा. तिथे Objected दिसले तर आक्षेप आला आहे, उत्तर द्यायचे आहे. Opposed दिसले तर दुसऱ्या कोणी हरकत घेतली आहे, आणि तिला दोन महिन्यांत लेखी उत्तर दिले नाही तर अर्ज जातो. अशा वेळी मात्र वकील पाहावा. Abandoned म्हणजे संपले.

तपासणीत अर्ज टिकला की तो सरकारच्या ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापतात. चार महिने कोणालाही हरकत घेता येते. कोणी आले नाही तर प्रमाणपत्र मिळते. ते अर्जाच्या तारखेपासून दहा वर्षे चालते आणि पुढे दर दहा वर्षांनी फी भरून वाढवता येते. पाच वर्षांहून जास्त काळ नाव वापरलेच नाही, तर मात्र दुसरा कोणी ती नोंद रद्द करून मागू शकतो.

अर्ज केल्याबरोबर नावाशेजारी TM ही दोन अक्षरे लावायला हरकत नाही. गोलातला ® मात्र प्रमाणपत्र हाती आल्यावरच लावा. नोंद नसताना लावला तर कायद्याने दंड आहे.

अर्जात 'हे नाव केव्हापासून वापरता' असा प्रश्न असतो. आधीपासून वापरत असलात तर त्या तारखेचे प्रतिज्ञापत्र आणि पुरावा लागतो. दोघांनी एकाच नावावर हक्क सांगितला, तर आधी कोण वापरत होता याला कायदा फार मान देतो, अगदी नोंद असणाऱ्यापुढेसुद्धा. बाईंची तीन वर्षांची विक्री चिठ्ठ्या-चपाट्यांवर झाली होती. खरा कागद एकच निघाला, छापखान्याचे बिल. तेव्हापासून त्या नाव छापलेले बिलबुक वापरतात आणि दर नव्या पाकिटाचा एक नमुना तारीख टाकून ट्रंकेत ठेवतात.

एवढे करून मिळते काय, तेही नीट समजून घ्या. चटणी करण्याची रीत आपली होत नाही, कोणीही तशी चटणी करो. आपले नाव त्याने लावायचे नाही, इतकेच. पण कोणी लावले, तर आपल्याच जिल्हा न्यायालयात दाद मागता येते, आणि आपले नाव किती प्रसिद्ध होते हे आधी सिद्ध करीत बसावे लागत नाही. नोंद नसलेल्यालाही दावा लावता येतो, परंतु त्याला ते सगळे सिद्ध करावे लागते, आणि चिठ्ठ्यांवर विकणाऱ्याला ते जमत नाही.

त्या खवट चटणीवाल्याला आम्ही अखेर अडवू शकलो नाही. तो अजून देवीचे नाव लावतो. मागच्या नवरात्रात त्याच दुकानदाराकडे दोन्ही पाकिटे शेजारी मांडलेली मी पाहिली. एक गिऱ्हाईक आले, दोन्हीकडे बोट फिरवले आणि म्हणाले, "गाठीची द्या."