नकाशातला ठिपका

चि. बाळास,

तू मोबाइलवर पाठवलेला नकाशा पाहिला. शेजाऱ्याने दहा फूट खाल्ले, हे तू फोटोवर पट्टी ठेवून काढलंस म्हणे! अरे, त्या कोपऱ्यात लिहिलंय बघ, 1 इंचास 20 साखळ्या. आपली जुनी साखळी 33 फुटांची, म्हणजे एका इंचात 660 फूट. नुसती रेघच अर्धा मिलिमीटर जाड धरली, तरी तिच्या पोटात तेरा फूट बसतात. त्यात तुझा फोटो तिरका, कागदाला घड्या. दहा फुटांचं भांडण त्यावर मिटायचं नाही.

नकाशा दिशा आणि आकार सांगतो. रेघा मिळतात तिथला काळा ठिपका म्हणजे हद्दीचा दगड. आतली तुटक रेघ पोटहिश्श्याची, ती शिवेची समजू नकोस.

माप असतं टिपणात. भूमी अभिलेख कार्यालयातून त्याची नक्कल काढ. समजा, विहिरीच्या दगडापासून वादाच्या दगडापर्यंत 7 साखळ्या 8 आणे लिहिलंय. सोळा आण्यांची साखळी, तेव्हा साडेसात साखळ्या, म्हणजे 247 फूट 6 इंच. टेप आडवा, ताणून धर. उतारावरून लोळवलास तर अंतर जास्त भरतं. आणि एकाच दगडावरून जागा ठरत नाही, दुसऱ्या बिनवादाच्या दगडावरूनही मोज. दोन्ही मापं मिळतात तिथे शेजाऱ्याच्या देखत खण. बांध सरकतो, पण खोल गाडलेला दगड पुष्कळदा मूळ जागी सापडतो.

सापडला तर उपटू नकोस, सरकारी मोजणीचा अर्ज टाक. तोवर त्या पट्ट्यात नांगर नको.

तुझा काका