आधी माणसं मोजा

पावसाळ्यात रात्री अकरानंतर फोनवर नुसता फोटो येतो. सोबत अक्षर नाही, गावाचं नाव नाही. उंबरठ्याशी काळपट साप आणि चपलांचा ढीग, एवढंच. मी सर्पमित्र, म्हणजे सापाचं नाव ताबडतोब सांगावं अशी अपेक्षा. मी मात्र उलट फोन लावून विचारतो, "कुणाला चावलाय का? साप आत्ता दिसतोय का? खाली कोण झोपलंय?" काहीजण वैतागतात, "अहो, फोटो पाठवलाय ना!"

अशाच एका फोटोतला साप चपलांत अर्धा दडलेला होता. चौकशी केली तेव्हा कळलं, फोटो वीस मिनिटांपूर्वीचा. तेवढ्या वेळात घरात 'मण्यार की कवड्या' हा वाद रंगला होता आणि साप कुठे गेला ते कुणीच पाहिलं नव्हतं. पलीकडे पडवीत आजी चटईवर झोपलेली.

मला धास्ती होती ती मण्यारीची. ती रात्री फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते आणि बऱ्याचदा दुखतही नाही, सूजही येत नाही. दंशाची खूण शोधून सापडेलच असं नाही. काही तासांनी पोट दुखतं, पापण्या जड होतात, गिळायला त्रास होतो, मग श्वास अडतो. म्हणून आधी दिवे लावून, पायाखाली बघत आजीला उठवायला सांगितलं. डोळे नीट उघडतायत का, पाणी गिळता येतंय का, पोटात दुखतंय का, हे विचारून घेतलं. आजी ठणठणीत होत्या, उलट झोपमोड केली म्हणून चिडल्या. जराही शंका असती तर थेट दवाखाना. मग मुलांना आतल्या खोलीत पाठवून दाराखालची फट कापडाने बुजवली, आणि आमचा माणूस पोहोचेपर्यंत एकाने दुरून चपलांवर नजर ठेवली.

ओळखीचं म्हणाल, तर मण्यारीचे पांढरे पट्टे बहुधा जोडीजोडीने असतात, मानेकडे पुसट आणि शेपटीकडे ठळक. कवड्याचे मानेपाशी ठळक, मागे विरत जातात. त्या फोटोत नेमकी मानच चपलेखाली होती. अशा वेळी 'कवड्या असेल, बिनविषारी' असं मी म्हणालो असतो, तर कुणीतरी हात घातलाच असता. चपला काठीने सरकवल्यावर निघाला तो कवड्याच.

आणि दंश झालाच, तर नावासाठी थांबायची गरजच नसते. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांसाठी एकच असतं. डॉक्टर ते लक्षणं आणि रक्त गोठतंय का ते पाहून देतात. काढलेला फोटो त्यांना जरूर दाखवावा, पण त्यासाठी सापामागे जाऊ नये. दंशाचा हात किंवा पाय हलवू नये, आवळून बांधू नये, चिरू नये, आणि १०८ला फोन करावा. मला नंतर केला तरी चालतो.